फोन कार्ड वाचू शकत होता, त्याला परवानगी नव्हती

दुकानदार ॲपमध्ये रक्कम टाकतो, ग्राहक फोनच्या पाठीला कार्ड टेकवतो आणि व्यवहार होतो. यासाठी लागणारी एनएफसीची, म्हणजे अगदी जवळून बिनतारी माहिती देण्याघेण्याची सोय काही नवी नाही. गूगलचा नेक्सस एस फोन २०१० मध्येच ती घेऊन बाजारात आला होता आणि टेकवायची कार्डं ज्या १३.५६ मेगाहर्ट्झवर बोलतात, त्याच लहरींवर तोही बोलायचा. तरीही पुढची बरीच वर्षं दुकानदाराला फोनच्या जोडीला कार्ड वाचणारं वेगळं उपकरण बाळगावं लागलं.

अडचण होती भरवशाची. कार्डयंत्राशी कोणी छेडछाड केली, तर ते आतल्या गुप्त किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं. साध्या फोनला असं कवच नसतं आणि त्यात कुठून कुठून आलेली ॲप्स असतात. कार्ड दर व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा बनवतं, त्यामुळे तो चोरून पुन्हा वापरता येत नाही. पण कार्डाचा क्रमांक फोनपर्यंत उघडाच पोचतो आणि पिन तर ग्राहक काचेवरच दाबणार.

कार्ड कंपन्यांच्या सामाईक सुरक्षा परिषदेने, म्हणजे पीसीआयने, म्हणून परवानगी तुकड्यातुकड्यांनी दिली. जानेवारी २०१८ च्या नियमाने फोनवर पिन घेता येऊ लागला, पण कार्ड वेगळ्या वाचकानेच वाचायचं होतं. डिसेंबर २०१९ च्या नियमाने फोनलाच कार्ड टेकवता येऊ लागलं, पण तिथे पिन घ्यायला मनाई! दोन्ही एकाच फोनवर चालवणारा एमपीओसी हा नियम नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. मधल्या काळात ॲपलने माँट्रियलची मोबीवेव्ह ही याच तंत्रावर काम करणारी कंपनी २०२० मध्ये विकत घेतली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये आयफोनसाठी ही सुविधा जाहीर केली.

कवचाची उणीव भरून काढली ती दूरच्या सर्व्हरने. फोन रूट केलेला, म्हणजे त्यातली मूळ सुरक्षाबंधनं काढून टाकलेला आहे का, ॲपमध्ये कोणी फेरफार केला आहे का, हे तो वरचेवर तपासतो आणि शंका आली की व्यवहार बंद करतो. ॲपही कार्डाची माहिती हाती येताच कुलूपबंद करून पुढे धाडतं. त्यामुळे रूट केलेल्या फोनवर हे ॲप चालत नाही. दुकानदार वैतागतो, पण ही अट जाणूनबुजून घातलेली आहे.

२०१९ च्या नियमाची खूण अजूनही एखाद्या काउंटरवर दिसू शकते. लहान रक्कम सहज जाते, मोठ्या रकमेला मात्र तेच कार्ड अडतं. ग्राहकाला वाटतं, खात्यात पैसे नाहीत. खरं तर रक्कम बिनपिनच्या मर्यादेपलीकडे गेलेली असते, पिन मागायला हवा असतो आणि त्या ॲपला तो घेण्याची मुभाच नसते. पडद्यावर पिनचे आकडे उमटलेच नाहीत, तर आधी ॲप पुरवणाऱ्याला विचारावं, बँकेला नंतर.