उलटा यील्ड कर्व्ह: २००६ मध्ये त्याला का टाळलं आणि पुढं काय झालं

२०२३ मध्ये आपल्या सोलापुरात नव्या पेठेत स्टेट बँकेत गेलं की एक गोष्ट लोकांना खटकायची, ४०० दिवसांच्या एफडीला ७.१० टक्के आणि पाच वर्षांच्या एफडीला साडेसहा, म्हणजे पैसे जास्त दिवस अडकवायचे आणि व्याज कमी घ्यायचं. एफडीचे दर बँक आपली गरज बघून ठरवते त्यामुळं त्याला यील्ड कर्व्ह म्हणता येत नाही, पण प्रश्न तोच आहे. सरकारी रोख्यावर वर्षाला जो परतावा मिळतो ते यील्ड, आणि छोट्या मुदतीपासून लांब मुदतीपर्यंतची यील्ड ओळीनं मांडली की जी रेघ मिळते तो यील्ड कर्व्ह. सरकारी रोख्यांच्या बाजारात असं झालं, म्हणजे सरकारच्या छोट्या मुदतीच्या कर्जाचं, ३ महिन्यांच्या बिलाचं किंवा २ वर्षांच्या रोख्याचं यील्ड १० वर्षांच्या रोख्याच्या वर गेलं, की कर्व्ह उलटा झाला म्हणतात.

चढता कर्व्ह नेहमीचा, सपाट म्हणजे वळणाची जागा, कधी कधी मधल्या मुदतीला कुबड येतं, ते फार टिकत नाही. खरा वाद आहे उलट्यावर. अमेरिकेत तो १९६६ मध्ये उलटा झाला तेव्हा मंदी आली नाही, नुसती वाढ थंडावली. त्यानंतर मात्र १९७३, १९७८, १९८९, २०००, प्रत्येक वेळी उलटा झाला आणि साधारण काही महिने ते दीड वर्षात मंदी आलीच. १९८६ मध्ये शिकागोत एका विद्यार्थ्यानं यावरच पीएचडीचा प्रबंध लिहिला आणि तिथून हा विषय गांभीर्यानं घेतला जाऊ लागला. एवढा जुना इतिहास पुरे, कारण मला वाटतं खरं समजून घ्यायचं तर २००४ ते २००८ बघावं.

जून २००४ ला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा दर १ टक्का होता. तिथून दर मीटिंगला पाव टक्का, असं सलग १७ वेळा करत जून २००६ पर्यंत तो सव्वापाचवर नेला. कर्व्हचं जवळचं टोक, म्हणजे छोट्या मुदतीचं व्याज, सव्वाचार टक्क्यांनी वर गेलं तर लांबचं टोक, म्हणजे लांब मुदतीचं व्याजही थोडंफार तरी वर जायला पाहिजे होतं, पण १० वर्षांचं यील्ड जागचं फारसं हललंच नाही, साडेचारच्या आसपास घुटमळत राहिलं. २००५ च्या सुरुवातीला बँकेच्या प्रमुखांनी हे कोडं असल्याचं उघड म्हटलं. २००६ मध्ये कर्व्ह उलटा झाला, वर्षाअखेरीला ३ महिन्यांचं बिल ५ च्या आसपास आणि १० वर्षांचं ४.७.

आता मध्यवर्ती बँकेनं असं ठरवलं की याकडं धोक्याची घंटा म्हणून बघायचं नाही. कारण दिलं टर्म प्रीमियमचं. या शब्दानं लई गोंधळ झालाय म्हणून नीट सांगतो. १० वर्षांच्या यील्डमध्ये दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, एक म्हणजे पुढच्या १० वर्षांत जवळचा व्याजदर सरासरी किती राहील हा बाजाराचा अंदाज, आणि दुसरी म्हणजे इतके दिवस पैसे अडकवल्याबद्दल वरून मागितलेला जादा मोबदला, तोच टर्म प्रीमियम. समजा आज दर सव्वापाच आहे, बाजाराला वाटतंय की एक वर्ष तो तिथंच राहील आणि नंतरची नऊ वर्षं साडेचार राहील. सरासरी येते साधारण ४.५८. प्रीमियम शून्य असेल तर १० वर्षांचं यील्ड ४.५८, कर्व्ह उलटा. तोच प्रीमियम १ टक्का धरा, यील्ड ५.५८ होतं, कर्व्ह चढता. लोकांचा अंदाज दोन्हीकडं अगदी एकच आहे, फक्त आकार बदलला.

म्हणून २००६ मधली बाजू अशी होती की परदेशातला बचतीचा पैसा, विशेषतः आशियातला, अमेरिकन रोख्यांत ओतला जातोय, त्यानं प्रीमियम दबलाय, कर्व्ह उलटा दिसतोय तो त्यामुळं. हे चूक होतं असं मी म्हणणार नाही, हिशेब बरोबरच आहे. अडचण अशी की प्रीमियम कुठं छापून येत नाही, तो मॉडेलमधून काढावा लागतो आणि दोन मॉडेल दोन आकडे देतात. आणि वरच्याच उदाहरणात बघा, प्रीमियम शून्य धरला तरी बाजार दर कमी होणार असंच म्हणतोय. प्रीमियमचं कारण सांगून ते अर्धं म्हणणं सोडून दिलं, माझ्या मते चूक तिथं झाली. दर कमी होणार हे लोकांना कधी वाटतं, तर पुढं धंदा बसणार वाटतं तेव्हा.

त्यात बँकांचं गणितही येतं. बँक थोड्या दिवसांचा पैसा घेते आणि लांब मुदतीचं कर्ज देते, मधला फरक तिची कमाई. कर्व्ह उलटा राहिला की तो फरक आटतो आणि नवीन कर्ज द्यायला हात आखडतो. म्हणजे कर्व्ह नुसता अंदाज सांगत नाही, थोडा भारही टाकतो.

जून २००७ मध्ये लांबचं टोक वर गेलं आणि कर्व्ह सरळ झाला, कित्येकांनी सुटकेचा श्वास सोडला. मग ऑगस्टनंतर घबराट झाली, सगळा पैसा छोट्या मुदतीच्या बिलांत धावला, सप्टेंबरमध्ये दरकपात सुरू झाली आणि जवळचं टोक कोसळलं. कर्व्ह आता छान चढता दिसत होता आणि मंदी डिसेंबर २००७ ला सुरू झाली, जाहीर व्हायला डिसेंबर २००८ उजाडला. मी तेव्हा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात कागदपत्रं बघायचो. आमच्याकडं २००७ च्या शेवटी चर्चा एकच, डॉलर ३९-४० रुपयांवर आलाय, मार्जिन गेलं. ऑर्डर देणाऱ्या देशाचा कर्व्ह जवळजवळ वर्षभर उलटा होता हे कुणी बघितलं नाही, आणि पुढच्या वर्षी हिवाळ्यात ऑर्डरीच आटल्या तेव्हा यंत्रमाग उभे राहिले.

आपल्याकडं मात्र हीच फूटपट्टी लावू नये. १५ जुलै २०१३ ला रुपया सावरायला आपल्या मध्यवर्ती बँकेनं बँकांचा तातडीचा दर एका झटक्यात २ टक्क्यांनी वाढवून सव्वादहा केला आणि रेपोतून मिळणाऱ्या पैशावर मर्यादा घातली. रेपो दर सव्वासातवरच होता. ९१ दिवसांचं बिल ११ च्या आसपास गेलं आणि १० वर्षांचं त्याच्या बरंच खाली राहिलं. कर्व्ह जोरात उलटा झाला, पण तो मुद्दाम केलेला उलटा होता, पैसा महाग करून डॉलरची खरेदी रोखायला. पुढं मंदी येणार असं त्यातून वाचणं चूक ठरलं असतं, ती अडचण काही महिन्यांची होती.

आणि २०२२ नं तर अमेरिकेतलंही जुनं रेकॉर्ड बिघडवलं. जुलै २०२२ ला २ आणि १० वर्षांचा कर्व्ह उलटला, २०२३ मध्ये फरक १ टक्क्याच्या वर गेला, आणि सप्टेंबर २०२४ पर्यंत तसाच राहिला, तरी त्या काळात मंदी जाहीर झाली नाही. एक कारण मला पटतं, तिथल्या घरकर्जांचा मोठा भाग ३० वर्षांच्या फिक्स्ड दराचा, स्वस्ताईत घेतलेला, त्यामुळं दर सव्वापाच-साडेपाचला गेले तरी जुन्या कर्जदाराचा हप्ता वाढला नाही. सरळ होतानाही २००७ च्या शेवटासारखं झालं नाही, दरकपात झाली पण त्यानंतर १० वर्षांचं यील्ड खाली यायच्या ऐवजी वर गेलं. म्हणून आता मी कर्व्ह उलटा झाला याच्यापेक्षा सरळ होताना कुठलं टोक हललं ते आधी बघतो, जवळचं टोक घाईनं पडत असेल तर टॉवेलवाल्या मित्रांना अमेरिकेच्या ऑर्डरीवर उधारीनं सूत भरू नका म्हणून फोन करतो.