सोनं महाग आहे का? १९८०च्या शिखराशी ताडून पाहायचं की सरासरीशी?

सोन्याने नवा उच्चांक केला की दोन प्रकारची माणसं बोलू लागतात. एक म्हणतो, "महागाई धरली तर १९८०चा भाव याहून जास्त होता, म्हणजे अजून वाव आहे." दुसरा म्हणतो, "महागाई धरली तर आजवरच्या सरासरीच्या कितीतरी वर आहे, म्हणजे फुगलंय." दोघंही महागाईचाच हिशेब मांडतात, म्हणून त्यांची कसोटी एकच आहे असं वाटतं. प्रत्यक्षात एक जण आजचा भाव एका दिवसाच्या शिखराशी ताडतो आणि दुसरा कित्येक वर्षांच्या मधल्या पातळीशी.

हिशेबाची रीत सोपी आहे. जुना भाव घ्यायचा, त्याला महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या आजच्या आकड्याने गुणायचं आणि तेव्हाच्या निर्देशांकाने भागायचं. २१ जानेवारी १९८० रोजी लंडनमध्ये सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलर ठरला. त्या महिन्यात अमेरिकेचा निर्देशांक ७७.८ होता. सप्टेंबर २०११मध्ये तो २२६.९ झाला. म्हणजे १९८०चे ८५० डॉलर २०११मध्ये सुमारे २,४८० डॉलरच्या बरोबरीचे. त्या सप्टेंबरात सोनं १,८९५ डॉलरवर होतं. शिखराची कसोटी सांगत होती की सोनं अजून पंचवीसएक टक्के स्वस्त आहे. हा युक्तिवाद तेव्हा फार चालला. डिसेंबर २०१५पर्यंत भाव १,०६० डॉलरच्या आसपास उतरला होता.

चूक गणितात नव्हती, मोजपट्टीत होती. १९८०च्या जानेवारीतला तो भाव म्हणजे इराणमधलं ओलीसनाट्य, अफगाणिस्तानात शिरलेलं सोव्हिएत सैन्य आणि दोन आकडी महागाई यांनी पेटलेल्या घबराटीचा कळस होता. दोन महिन्यांत सोनं ५०० डॉलरच्या खाली आलं. त्या वर्षाची सरासरी धरली तर ती ६१५च्या आसपास, म्हणजे २०११च्या डॉलरमध्ये सुमारे १,७००. या आकड्याशी तुलना केली तर २०११चं सोनं १९८०ला मागे टाकून गेलं होतं! वर्ष तेच, निर्देशांक तोच. फक्त एका दिवसाऐवजी बारा महिने धरले आणि निकाल उलटला. शिवाय ८५०ला घेणाऱ्याला, महागाई वजा जाता, आपले पैसे परत दिसायला २०२५ उजाडावं लागलं. ज्या भावाने घेणाऱ्याचं इतकं नुकसान केलं, त्याच्या खाली असणं म्हणजे स्वस्त असणं, हे मला कधीच पटलेलं नाही.

मग सरासरीची कसोटी बरोबर का? अधिक प्रामाणिक आहे, पण तिच्यावर विसंबून व्यवहार करता येत नाही. भाव भागिले निर्देशांक असं गुणोत्तर काढलं तर १९७५ ते २००७ या काळात त्याची सरासरी ३च्या आसपास पडते. २००१मध्ये ते दीडपर्यंत घसरलं होतं. मार्च २००८मध्ये भावाने हजार डॉलर ओलांडले तेव्हा ते ४.७ होतं, म्हणजे सोनं सरासरीच्या दीडपटीहून वर. तरी पुढच्या साडेतीन वर्षांत गुणोत्तर ८.४ला पोहोचलं. २०१५च्या तळाला ते ४.५ होतं. गुणोत्तर ३ला येईल म्हणून थांबलेल्याला सुमारे ७१० डॉलरचा भाव हवा होता, आणि तो आलाच नाही.

सरासरी कुठून मोजायची हाही प्रश्न उरतो. १९३४पासून ऑगस्ट १९७१पर्यंत सोन्याचा अधिकृत भाव ३५ डॉलरवर बांधलेला होता आणि १९७४च्या अखेरीपर्यंत सामान्य अमेरिकनाला गुंतवणुकीसाठी सोनं बाळगायला बंदी होती. ती वर्षं धरली की सरासरी खाली ओढली जाते, पण तो बाजारात ठरलेला भाव नव्हता. मी ती वर्षं सोडून देतो.

ऑक्टोबर २०२५मध्ये सोन्याने ४,००० डॉलर ओलांडले तेव्हा गुणोत्तर १२च्या वर होतं. १९८०च्या त्या दिवशी ते १०.९ होतं. म्हणजे 'अजून शिखर गाठलेलं नाही' हा आधार आता उरलेला नाही. भाव उद्या पडेल असं यातून सिद्ध होत नाही. २०२२पासून सलग तीन वर्षं मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी हजार टनांहून अधिक सोनं घेतलं, आणि ती मागणी महागाईच्या आकड्यात दिसत नाही.

आपल्याकडे आणखी एक घोटाळा होतो. रुपयातला भाव घेऊन त्याला अमेरिकेची महागाई लावली जाते. ज्या चलनात भाव, त्याच देशाचा निर्देशांक हवा. २०११ ते २०१५मध्ये डॉलरमध्ये सोनं ४४ टक्के पडलं, पण डॉलर ४६वरून ६६ रुपयांवर गेल्याने रुपयातली पडझड विसाच्या आत राहिली. आयात शुल्क १० टक्क्यांवर नेल्याने सराफाच्या फलकावर तीही पुरती दिसली नाही. त्या घसरणीच्या काळात इथल्या गिऱ्हाइकाला सोनं टिकून आहे असंच वाटत राहिलं, आणि भारतातली महागाई वजा करून पाहणारे थोडेच होते.