अंड्यातला लाल ठिपका कोणाचा?

घरी गावरान कोंबडी साफ करताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिच्या पोटातला पिवळ्या गोळ्यांचा घड आठवत असेल. सगळ्यात मोठा गोळा थेट अंड्यातल्या बलकाएवढा, त्याच्यामागचा थोडा लहान, त्यामागचा आणखी लहान, आणि शेवटी मोहरीच्या दाण्यांसारखे असंख्य पांढुरके कण. लहानपणी आम्ही भावंडं त्यातल्या मोठ्या गोळ्यासाठी भांडायचो. तेव्हा तो गोळा नुसता खाण्याऐवजी नीट न्याहाळला असता, तर पुढे कित्येक वर्षांनी ऑम्लेटसाठी फोडलेल्या अंड्यात लाल ठिपका दिसल्यावर पोटात गोळा आला नसता.

त्या ठिपक्याबद्दल घरोघरी एकच समज आहे: आत पिल्लू धरायला लागलं होतं. म्हणून अंडं टाकून देतात, काही जण तर पुढचे दोन दिवस अंड्याकडे बघतही नाहीत. पण दुकानातून आणलेल्या अंड्यातलं ते रक्त पिल्लाचं नसतं. ते कोंबडीचं असतं, आणि अंडं घातलं जाण्याच्या जवळजवळ एक दिवस आधी, कवच चढायच्याही आधी, तिथे पडलेलं असतं.

आता तो घड पुन्हा डोळ्यांसमोर आणू. हा कोंबडीचा अंडाशय. माणसाला दोन असतात, कोंबडीत मात्र साधारणपणे डावा एकच वाढतो. त्यातला प्रत्येक पिवळा गोळा पातळ पिशवीत गुंडाळलेला असतो आणि त्या पिशवीवर लाल शिरांची दाट जाळी पसरलेली असते. जाळी इतकी दाट असण्याला कारण आहे. बलकातली चरबी आणि प्रथिनं कोंबडीच्या यकृतात तयार होतात आणि रक्तातून वाहत येऊन या पिशवीत उतरतात. शेवटच्या आठ-दहा दिवसांत गोळा वाटाण्याएवढ्याचा पूर्ण बलकाएवढा होतो. एवढा माल एवढ्या थोड्या वेळात पोचवायचा म्हणजे रक्ताचा पुरवठाही तसाच भरघोस हवा.

मात्र मोठ्या गोळ्यांच्या पिशवीवर एक फिकट पट्टा असतो. जाळीतून कोणी बोटाने रेघ ओढावी तसा. त्या पट्ट्यात डोळ्यांना दिसेल अशी शीर जवळजवळ नसते. बलक पूर्ण वाढला की पिशवी याच पट्ट्यावर उकलते, बलक बाहेर पडतो आणि रक्ताचा थेंबही सांडत नाही. शिवण उसवावी इतकं ते स्वच्छ काम आहे. कधीतरी मात्र चीर पट्टा सोडून बाजूला जाते, किंवा एखादी बारीक शीर पट्टाच ओलांडून गेलेली असते. ती फुटते आणि एक थेंब बलकावर पडतो. आपला लाल ठिपका तो हाच.

एका अंड्याचा हिशोब तासांत मांडला तर हे अधिक स्पष्ट होईल. समजा, कोंबडीने सोमवारी सकाळी साडेसातला अंडं घातलं. साधारण अर्ध्या तासाने, आठच्या सुमारास, पुढची पिशवी उकलली आणि बलकासोबत रक्ताचा थेंब पडला. अंडनलिकेच्या नसराळ्यासारख्या तोंडाने बलक झेलला. तिथे तो पाव तास राहिला. कोंबड्याचं बीज असलं तर गर्भधारणा इथेच होते, कारण पुढे बलकाभोवती पांढऱ्याचे थर चढतात आणि वाट बंद होते. ते थर चढायला तीन तास, म्हणजे सव्वाअकरा वाजले. मग टरफलाच्या आतलं पातळ दुहेरी पापुद्र्याचं वेष्टन, त्याला सव्वा तास. दुपारी साडेबारापासून पुढचे वीस तास नुसतं टरफल चढत राहिलं आणि मंगळवारी सकाळी साडेआठला अंडं बाहेर आलं. थेंब सोमवारी आठला पडला होता आणि टरफलाचा पहिला थर चढला तेव्हा तो पांढऱ्याच्या थरांखाली कधीच झाकला गेला होता.

ठिपका बलकाला चिकटून का असतो, याचं उत्तरही यातच आहे. रक्त नसराळ्यात किंवा त्याच्या पुढे पडलं तर ते पांढऱ्यात सापडतं. पांढऱ्यात कधी कधी तपकिरी, मऊ कण दिसतात. ते बहुधा अंडनलिकेच्या अस्तराचे सुटलेले तुकडे असतात किंवा जुनं होऊन रंग बदललेलं रक्त असतं. बलकाच्या दोन्ही बाजूंना जो पांढरा पीळदार दोरा दिसतो त्यालाही अनेक जण पिल्लाची सुरुवात समजतात. तो बलकाला मध्यभागी तोलून धरणारा पांढऱ्याचाच पीळ आहे आणि प्रत्येक अंड्यात असतो.

मग पिल्लाचं रक्त कसं दिसतं? ही शंका रास्त आहे, कारण अंड्यात पिल्लाचं रक्त असूच शकत नाही असं मुळीच नाही. पिंजऱ्यातल्या अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या फार्मवर कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे किराणा दुकानातल्या ट्रेमधल्या अंड्यांत पिल्लू धरण्याचा प्रश्नच येत नाही. अंगणात कोंबडा फिरत असेल तर गोष्ट वेगळी. तिथलं अंडं घातलं जातानाच बलकावरच्या पांढऱ्या ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. अंडं गार जागी राहिलं, साधारण वीस अंशांच्या खाली, तर त्या पेशी तिथेच थांबतात. खुडूक कोंबडीच्या पोटाखाली किंवा उबवणीच्या पेटीत साडेसदतीस अंश ऊब मिळाली की वाढ पुन्हा सुरू होते. तरीही रक्त लगेच येत नाही. दुसऱ्या दिवशी रक्ताची पहिली बेटं तयार होतात, त्याच दिवसात हृदय धडधडू लागतं, आणि तिसऱ्या दिवशी बलकावर मुळांसारख्या फुटलेल्या शिरा उघड्या डोळ्यांनी दिसतात. ती नक्षी असते, ठिपका नसतो. ऊब मध्येच तुटून गर्भ मेला तर रक्त कडेला सरकतं आणि लाल वर्तुळ उरतं.

इथे मला आपल्या उन्हाळ्याची काळजी वाटते. परभणी, अकोला, जळगावकडे मे महिन्यात पत्र्याच्या घरातलं तापमान चाळिशीला टेकतं. अशा घरात टोपलीत चार दिवस राहिलेली, कोंबडा असलेल्या अंगणातली गावरान अंडी कोंबडीविनाच थोडीफार वाढू शकतात. ही वाढ अर्धवट आणि वेडीवाकडी असते, आणि अंडं बहुतेक वेळा आतल्या आत नासतं. म्हणून उन्हाळ्यात गावरान अंडी रोजच्या रोज गोळा करून माठाशेजारी किंवा फ्रिजमध्ये ठेवावीत. फोडल्यावर शिरांची जाळी किंवा लाल कडं दिसलं तर ते अंडं टाकावं. एकटा, कडा स्पष्ट असलेला ठिपका दिसला तर टाकायचं कारण नाही.

रक्त कोणाचं, हा प्रश्न फक्त आपल्यालाच पडलेला नाही. ज्यू धर्मनियमांत रक्त वर्ज्य आहे. म्हणून कोशर पाळणाऱ्या घरांत, आणि त्यात मराठी बोलणारे आपले बेने इस्रायलीही आले, अंडी एकेक करून पेल्यात फोडून पाहण्याची रीत आहे. कोंबड्याविना झालेलं अंडं आणि कोंबडा असताना झालेलं अंडं हा भेद त्यांच्या धर्मशास्त्रातही केलेला आहे.

असे ठिपके किती अंड्यांत असतात? मोठ्या प्रमाणावर तपासलेल्या अंड्यांत हे प्रमाण शंभरात एकाहूनही कमी आढळतं. चीर भलतीकडे का जाते, याला एक ठाम कारण नाही. काही वाणांत हा दोष वंशाने येतो. निवडून पैदास केली तर तो वाढवताही येतो आणि कमीही करता येतो. खाद्यात अ जीवनसत्त्व कमी पडलं तर ठिपके वाढतात, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. रात्रंदिवस दिवे जळत राहिले किंवा कोंबड्या वारंवार घाबरून उडत राहिल्या तरी वाढ होते. एखाद्या फार्मच्या अंड्यांत एकदम ठिपके वाढले तर मालकाने आधी खाद्याची गोणी तपासावी, मग दिव्यांची वेळ.

तपकिरी टरफलाच्या अंड्यांत ठिपके जास्त सापडतात, अशी ग्राहकांची तक्रार असते आणि ती खरी आहे. काही अंशी तो वाणाचा गुण आहे, पण दुसरं कारण मला फार सुंदर वाटतं. अंड्यामागे दिवा धरून आतलं पाहायची पद्धत जुनी आहे. यंत्रंही तेच करतात, रक्त शोषून घेतं त्या नेमक्या रंगाचा प्रकाश कुठे अडतो ते बघतात. पांढऱ्या टरफलात हे सोपं जातं. तपकिरी टरफलाचा रंग मात्र ज्या द्रव्याचा असतो, त्यात लोहाचा अणू बसवला की रक्ताला लाल करणारं द्रव्य तयार होतं. टरफलाचा तपकिरी आणि रक्ताचा लाल हे असे सख्खे भाऊ असल्याने टरफल रक्ताला पाठीशी घालतं आणि ठिपका तपासणीतून निसटतो.

आता खाण्याचं. ठिपक्याचं अंडं खायला सुरक्षित आहे. ते कोंबडीचंच रक्त आहे, चिकन खाताना पोटात जातं त्याहून वेगळं नाही, आणि प्रमाण एका थेंबाचं. नको वाटलं तर चमच्याच्या टोकाने काढून टाका, राहिलं तरी चवीत फरक पडत नाही. उकडलेल्या अंड्यात तोच ठिपका तपकिरी-काळपट दिसतो, कारण उष्णतेने रक्ताचा लाल रंग तसा बदलतो. ठिपका लालभडक असेल तर अंडं बहुधा ताजं असतं: दिवस जातात तसं पांढऱ्यातलं पाणी बलकात शिरतं आणि ठिपका फिकट पडत जातो.

याला मर्यादा आहे. अमेरिकेच्या प्रतवारीत एक अष्टमांश इंचापर्यंतचा, म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचा ठिपका दुय्यम प्रतीत चालतो. त्याहून मोठा असेल किंवा रक्त पांढऱ्यात पसरलं असेल तर ते अंडं विक्रीतून बाद होतं. घरातही हाच नियम लावता येतो. सगळा पांढरा भाग लालसर झालेलं अंडं टाकून द्यावं.

खरा धोका बिनरंगी असतो. साल्मोनेला हा जंतू अंड्यात असला तरी डोळ्यांना दिसत नाही आणि रक्ताच्या ठिपक्याशी त्याचा संबंध नाही. त्यावर उपाय म्हणजे पांढरं आणि पिवळं दोन्ही घट्ट होईपर्यंत, आतपर्यंत सत्तर अंशांच्या वर शिजवणं. ठिपका नसलेलं, चकचकीत पण कच्चं अंडं दुधात फेटून आजारी माणसाला देण्याची सवय त्या ठिपक्यापेक्षा कितीतरी जास्त घातक आहे. पांढऱ्यावर हिरवट किंवा गुलाबी झाक, मोत्यासारखी चमक, किंवा टरफल फुटताच येणारा कुबट वास ही मात्र जंतूंनी नासवल्याची खूण. असं अंडं शिजवूनही खाऊ नये.

म्हणून अंडं थेट कढईत न फोडता आधी वाटीत फोडायची आजीची पद्धत मी अजून पाळतो. वाटीत लाल ठिपका दिसला की वाटी तिरपी करून तो बलकावर आहे की पांढऱ्यात, एकटा आहे की त्याला फाटे फुटलेत, एवढं बघतो. एकटा असेल तर कांदा-मिरची घालून फेटायला घेतो.