मांजर भिंतीकडे टक लावून बसते तेव्हा तिचे कान बघा

मांजर कोऱ्या भिंतीकडे एकटक बघत बसली की आमच्या इंदूरच्या जुन्या घरांत हमखास कोणीतरी म्हणतं, तिला पितर दिसतायत. लोक भिंतीकडे बघतात, तिच्या डोळ्यांकडे बघतात, पण खरी गंमत असते तिच्या कानांत, कारण बहुतेक वेळा ती बघत नसते, ऐकत असते.

आपल्याला तरुणपणी फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि वय वाढलं की तोही कमी होत जातो. मांजरीच्या ऐकण्याची नीट मोजणी रिकी आणि हेन्री हेफनर ह्या संशोधकांनी 1985 मध्ये छापली, त्यात आवाज पुरेसा मोठा असेल तर ती 85 किलोहर्ट्झपर्यंत ऐकते असं निघालं. आता उंदरांचं आपसातलं बोलणं बरंचसं ह्याच वरच्या पट्टीत चालतं. घरातल्या उंदराची पिल्लं बिळात गार पडली किंवा आईपासून लांब सरकली की साधारण 50 ते 80 किलोहर्ट्झवर ओरडतात, म्हणजे खोलीत आपल्यासाठी चिडीचूप आणि मांजरीसाठी चांगलाच गोंगाट.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या, इतक्या वरच्या पट्टीतला बारीक आवाज विटांच्या भिंतीतून आरपार येत नाही, हवेतसुद्धा तो थोड्याच अंतरात विरतो. म्हणून मांजर सहसा भिंतीच्या मध्यावर नाही तर कोपऱ्यात, पाइप जिथून आत येतो तिथे, स्विचबोर्डच्या खाली किंवा चौकटीच्या फटीसमोर बसते. फटीतून चिरचिर बाहेर येते, आणि भिंतीतून येतं ते दुसरंच, नखांची खरवड, कुरतडणं, पळापळ. हे आवाज आपल्याही टप्प्यातले असतात पण इतके हळू की पंखा चालू असला तरी बुडून जातात.

रामबागेत आमच्या काकूंकडे हेच झालं. त्यांची मनी रात्री स्वयंपाकघर आवरलं की सिंकखालच्या कोपऱ्यात जाऊन बसायची, समोर नुसती चुना लावलेली भिंत, आणि काकू जाम घाबरलेल्या. मी खाली बसून जवळून पाहिलं तर आधी तिचा एकटा डावा कान वळायचा, मग उजवा, मग दोन्ही पुढे येऊन थांबायचे आणि तेव्हा कुठे डोकं आणि नजर त्या जागेवर जायची, मिशासुद्धा पुढे आलेल्या. म्हटलं काकू, रात्री भिंतीलगत कणकेचा पातळ थर भुरभुरवून ठेवा आणि मनीला दुसऱ्या खोलीत बंद करा. सकाळी कणकेत बारीक बारीक पावलं, मधून शेपटीची रेघ, आणि सगळं जात होतं पाइपभोवतीच्या फटीकडे, जी सिमेंट निखळून बोटभर झाली होती.

कान असे वेगवेगळे का फिरतात, तर आवाज नेमका कुठून येतोय ते ठरवायला. दोन्ही कानांत तो किती पुढेमागे आणि किती कमीजास्त पोचला ह्याची तुलना मेंदू करतो. मांजरीचं डोकं लहान, त्यामुळे जाड आवाज त्याला वळसा घालून दोन्हीकडे जवळपास सारखाच पोचतो, बारीक आवाज मात्र डोक्याने अडतो आणि पलीकडच्या कानात कमी पडतो, म्हणून तिला वरची पट्टी एवढी उपयोगाची. वर-खाली कळायला कानाच्या पाळीच्या घड्या कामी येतात.

आणि एवढा वेळ का बसते? कारण मांजर उंदरामागे धावत सुटणारी नाहीच, ती बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसते आणि तो बाहेर यायची वाट बघते. हलली तर उंदीर आतच राहणार. तिच्या हिशेबाने भिंतीतली फट म्हणजे बीळच.

प्रत्येक वेळी उंदीरच असेल असं नाही, ट्यूबलाइटमागची पाल असते, घड्याळाच्या काचेची तिरीप असते. पण हाक मारून बघा किंवा खाऊची पुडी वाजवा, नुसती ऐकत असेल तर नजर न हलवता निदान एक कान तरी तुमच्याकडे वळवेल. अजिबात दाद देत नसेल, तोंडाची एक बाजू फडफडत असेल, लाळ गळत असेल आणि थोड्या वेळाने भानावर आल्यावर गोंधळल्यासारखी फिरत असेल तर ती बारीक फिट असू शकते, व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात ती तसं करणारच नाही. म्हातारी मांजर मोठ्या झालेल्या बाहुल्यांनी शून्यात बघतेय आणि चालताना सामानाला धडकतेय तर ब्लडप्रेशर तपासायला सांगा, त्याने डोळ्याचा पडदा सुटून अचानक दिसेनासं होतं. आणि कपाळ भिंतीला दाबून उभी राहत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी न्या.