चाळीसचा हिशेब : किनाऱ्याजवळच्या विहिरी खालून खाऱ्या का होतात

किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं की समुद्र जमिनीतून आडवा आत सरकला, असाच समज होतो. तसं घडतंही. पण पुष्कळ विहिरींत खारं पाणी बाजूने येत नाही, ते बुडाखालून वर चढतं. विहीर खणण्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथेच असतं, फक्त वरच्या गोड्या पाण्याच्या वजनाने दाबलेलं.

ही गोष्ट कळायला बराच काळ गेला. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमधल्या एका बोअरवरून जोसेफ डुकॉमन यांनी 1828 मध्येच लिहिलं होतं, की किनाऱ्यालगत गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर तोलून उभं असतं. त्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. शतकाच्या शेवटी डच लष्करी अभियंता बाडोन घायबेन यांनी ॲमस्टरडॅमजवळच्या बोअरसंबंधी लिहिताना तोच हिशेब मांडला. 1901 मध्ये उत्तर समुद्रातल्या जर्मन बेटांवर पाणी शोधताना हर्झबर्ग यांना तो स्वतंत्रपणे सापडला. आज तो घायबेन-हर्झबर्ग संबंध म्हणून ओळखला जातो.

हिशेब साधा आहे. समुद्राच्या पाण्याची घनता 1.025 आणि गोड्या पाण्याची 1.000 धरली, तर 40 मीटर खाऱ्या पाण्याचा स्तंभ तोलायला 41 मीटर गोडं पाणी लागतं. म्हणजे भूजल पातळी समुद्रसपाटीच्या 1 मीटर वर असेल, तर गोडं पाणी समुद्रसपाटीखाली साधारण 40 मीटर खोलवर मिळतं. खरी गोम उलट्या बाजूला आहे. उपशामुळे ही पातळी कायमची अर्ध्या मीटरने खाली गेली, तर खालची खारी सीमा कालांतराने 20 मीटर वर येते. विहिरीत पाहणाऱ्याला अर्धा मीटर काहीच वाटत नाही. शिवाय सीमा लगेच हलत नाही, तिला महिने-वर्षं लागतात. म्हणून उपसा वाढवल्यावर सुरुवातीची काही वर्षं सगळं ठीक दिसतं.

पुढच्या काळात या हिशेबात दोन दुरुस्त्या झाल्या. 1940 मध्ये हबर्ट यांनी दाखवलं, की भूजल समुद्राकडे सतत वाहत असल्यामुळे सीमा चाळीसपटीपेक्षा थोडी खोल असते. नंतर मायामीच्या किनाऱ्यावरच्या मोजण्यांतून कूपर यांनी 1959 मध्ये दाखवलं, की गोडं आणि खारं यांच्यामध्ये रेघ नसतेच, तर मिश्रणाचा पट्टा असतो. विहीरधारकाच्या दृष्टीने दुसरी दुरुस्ती जास्त महत्त्वाची. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 19,000 मिलिग्रॅम क्लोराइड असतं. विहिरीच्या पाण्यात त्याचा जेमतेम 1.2 टक्के अंश मिसळला, तरी क्लोराइड सुमारे 230 मिलिग्रॅमने वाढतं आणि पिण्याच्या पाण्यासाठी इष्ट मानलेली 250 ची मर्यादा गाठली जाते. विहीर बिघडायला सीमा बुडापर्यंत यावी लागत नाही, पट्ट्याची वरची कड पुरेशी आहे.

पंप चालू झाला की विहिरीखालचं खारं पाणी शंकूसारखं वर उचललं जातं. शंकूची उंची एका ठरावीक मर्यादेत राहिली तर तो स्थिर राहतो. मर्यादा ओलांडली की झपाट्याने बुडाला भिडतो. सावध अंदाजासाठी ही मर्यादा बुडापासून सीमेपर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांश धरतात. शंकूची उंची काढण्याचं प्रचलित सूत्र असं:

z = Q / (2π × d × K × 0.025)

यात Q म्हणजे रोजचा उपसा घनमीटरमध्ये, d म्हणजे विहिरीच्या बुडापासून सीमेपर्यंतचं अंतर, आणि K म्हणजे थरातून पाणी किती सहज वाहतं त्याचं माप. वाळूच्या थरात K रोज 10 मीटर आणि भूजल पातळी समुद्रसपाटीच्या अर्धा मीटर वर धरू. मग सीमा समुद्रसपाटीखाली 20 मीटरवर येते. विहिरीचं बूड 8 मीटरवर असेल तर d झाला 12, शंकूला परवानगी 4 मीटरची, आणि त्यातून उपसा निघतो रोज सुमारे 75 घनमीटर, म्हणजे 75,000 लिटर.

आता पाणी कमी पडतं म्हणून तीच विहीर 14 मीटरपर्यंत खोल केली. d उरला 6, शंकूला परवानगी 2 मीटरची, आणि सुरक्षित उपसा उतरतो रोज 19 घनमीटरवर. अंतर निम्मं झालं की उपसा एक चतुर्थांश होतो. पाणी आटलं किंवा मचूळ झालं की विहीर खोल करायची, हा सगळ्यात सहज सुचणारा उपाय इथे सगळ्यात घातक ठरतो, आणि अनेक चांगल्या विहिरी अशाच गेल्या आहेत.

विहीर खरोखर खालून खारावते आहे का, हे तपासता येतं. पंप सुरू करताना आणि मग दर तासाला पाण्याची विद्युतवाहकता मोजावी, पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त असते. चार-पाच तासांत ती चढत गेली आणि रात्रभर विश्रांतीनंतर उतरली, तर शंकूची शक्यता मोठी. दिवसभर ती सारखीच राहून वर्षागणिक वाढत असेल, आणि समुद्राकडच्या विहिरी आधी बिघडल्या असतील, तर सीमा बाजूने आत सरकते आहे. सांडपाण्यामुळेही क्लोराइड वाढतं, पण त्यासोबत बहुधा नायट्रेट वाढतं. समुद्राच्या पाण्यात सोडियमचं क्लोराइडशी वजनी प्रमाण सुमारे 0.55 असतं. खारं पाणी नव्याने शिरतं तेव्हा चिकणमाती सोडियम धरून ठेवते आणि कॅल्शियम सोडते, त्यामुळे हे प्रमाण आणखी घसरतं आणि पाणी जड होतं. साबणाला फेस येईनासा होणं ही म्हणूनच खरी पूर्वसूचना असू शकते.

शंकू रोखायचा तर तेवढंच पाणी जास्त ठिकाणांहून आणि कमी खोलीवरून काढावं लागतं. एका खोल बोअरऐवजी दूरदूरच्या चार उथळ विहिरी, किंवा भूजल पातळीच्या जरा खाली आडव्या टाकलेल्या सच्छिद्र नळ्या एका विहिरीत आणून सोडणं हे चांगलं. मोठा पंप चार तास चालवण्यापेक्षा लहान पंप सोळा तास चालवावा. बिघडलेली विहीर खालून बुजवून उथळ करणंही पुष्कळदा उपयोगी पडतं.

सीमा बाजूने सरकत असेल तर मात्र विहिरीची रचना बदलून भागत नाही, गोड्या पाण्याचा दाबच वाढवावा लागतो. ॲमस्टरडॅमला 1853 पासून वाळूच्या टेकड्यांतून पाणी मिळत होतं. उपसा वाढत गेला तसं खालचं खारं पाणी वर येऊ लागलं, आणि 1957 पासून तिथे नदीचं पाणी आणून टेकड्यांत मुरवायला सुरुवात झाली. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत 1976 पासून शुद्ध केलेलं सांडपाणी विहिरींच्या रांगेतून जमिनीत सोडून समुद्राला आडवा असा दाबाचा बांध उभा केला आहे. अशा भरण विहिरी गाळाने, हवेच्या बुडबुड्यांनी आणि जिवाणूंच्या थराने चोंदतात, म्हणून त्यांतून अधूनमधून उलटा उपसा करावा लागतो. खाऱ्या झालेल्या चिकणमातीत अगदी मृदू पाणी सोडलं तर मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बंद करतात, आणि ते नुकसान उलट्या उपशाने सहसा भरून येत नाही.

वरचे आकडे वाळूच्या एकसंध थराचे आहेत. भेगांच्या कठीण खडकात खारं पाणी एकाच भेगेतून दूरवर आत जातं आणि शेजारची विहीर गोडीच राहते. तिथे सूत्रापेक्षा प्रत्येक विहिरीत वेगवेगळ्या खोलीवर मोजलेली विद्युतवाहकता जास्त भरवशाची.