नवजात बाळाची पहिली शी अडणे: मेकोनियम प्लग आणि हर्शस्प्रुंग आजार यांतील फरक

पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिली काळपट हिरवी, चिकट शी, म्हणजेच मेकोनियम, बहुधा जन्मानंतर 24 तासांच्या आत होते आणि 48 तासांपर्यंत जवळजवळ प्रत्येक निरोगी बाळाला ती झालेली असते. ती झाली नाही, पोट फुगून ताणल्यासारखे दिसू लागले आणि बाळाला हिरवी उलटी झाली, तर आतड्यात अडथळा आहे असे धरूनच पुढे जावे लागते. अडथळा मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात असेल तर ज्या दोन निदानांची गल्लत होते, ती म्हणजे मेकोनियम प्लग आणि हर्शस्प्रुंग आजार.

मेकोनियम प्लगमध्ये घट्ट झालेल्या शीचा बोळा आतड्यात अडकतो. आतड्याच्या भिंतीतील चेतापेशी जागेवर असतात, पण आतड्याची हालचाल अजून परिपक्व झालेली नसते. अकाली जन्मलेल्या आणि मधुमेही मातांच्या बाळांत हे अधिक आढळते. हर्शस्प्रुंग आजारात दोष शीत नसून भिंतीत असतो. गर्भाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत अन्ननलिकेकडून गुदद्वाराच्या दिशेने सरकत जाणाऱ्या चेतापेशी शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचत नाहीत, त्यामुळे गुदाशय आणि बहुतेकदा त्याच्या वरचा काही भाग या चेतापेशींविना, म्हणजेच गँग्लियन पेशींविना राहतो. तो भाग सैल पडू शकत नाही, आकसलेलाच राहतो, आणि त्याच्या वरचे निरोगी आतडे मात्र फुगत जाते.

समजा, पूर्ण दिवसांच्या एका मुलाला दुसरा दिवस संपला तरी शी झालेली नाही. एक्स-रेमध्ये आतड्याची अनेक फुगलेली वेटोळी दिसतात आणि गुदाशयात हवा जवळपास नाही. आता एक्स-रेत उठून दिसणारे औषध एनिमाने आतड्यात सोडून फोटो काढायचा आहे. त्याआधी गुदाशयात बोट घालू नये किंवा तो धुऊन काढू नये, कारण त्याने आकसलेला भाग तात्पुरता रुंदावतो आणि पाहायची खूणच पुसली जाते. नळीचा फुगाही गुदाशयात फुगवायचा नसतो. फोटोत आतड्यात अडकलेला लांबट बोळा दिसतो, एनिमाबरोबर तो बाहेर येतो, पोट मऊ पडते आणि बाळ दूध पिऊ लागते.

इथेच घाईने निष्कर्ष काढला जातो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच क्षणाची वाटते. प्लग निघाला एवढ्यावरून हर्शस्प्रुंग नाही असे ठरत नाही, कारण हर्शस्प्रुंग असलेल्या बाळातही असाच बोळा अडकू शकतो. उलट, अरुंद आणि फुगलेल्या भागांमधली सीमा नवजात बाळाच्या फोटोत दिसेलच असे नाही, कारण वरचे आतडे फुगायला वेळ लागतो. संपूर्ण मोठ्या आतड्यात चेतापेशी नसतील तर ती सीमा तिथे नसतेच. केवळ प्लग असलेले बाळ पुढे रोज आपोआप शी करते. आपल्या उदाहरणातील बाळाचे पोट मात्र तीन दिवसांनी पुन्हा फुगते, आणि तपासणीचे बोट बाहेर काढताच शी व वायू जोराने बाहेर पडतात.

निर्णय देते ती सक्शन बायोप्सी. गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा, त्याखालच्या थरासह, लहानसा तुकडा एका नळीच्या साहाय्याने घेतला जातो. तिथे वेदनेची जाणीव नसल्याने भूल न देता, बाळाच्या खाटेजवळच हे करता येते. तुकडा गुदद्वाराच्या आतील दंतुर रेषेच्या साधारण दोन सेंटिमीटर वरून घ्यावा लागतो, कारण रेषेच्या अगदी जवळ निरोगी बाळातही गँग्लियन पेशी विरळ असतात आणि आजार नसताना तो असल्याचा अहवाल येऊ शकतो. तुकड्यात खालचा थर आलाच नसेल, तर ‘पेशी दिसल्या नाहीत’ या वाक्याला अर्थ उरत नाही. बायोप्सी पुन्हा करावी लागते किंवा भूल देऊन पूर्ण जाडीचा तुकडा घ्यावा लागतो.

सूक्ष्मदर्शकाखाली एकही गँग्लियन पेशी न दिसणे, चेतातंतू जाड झालेले असणे आणि कॅलरेटिनिन या प्रथिनाचा रंग चेतातंतूंत न उमटणे या खुणा एकत्र आल्या की हर्शस्प्रुंगचे निदान पक्के होते. गँग्लियन पेशी स्पष्ट दिसल्या तर त्या जागेपुरता तो आजार नाकारला जातो. अकाली जन्मलेल्या बाळात या पेशी लहान आणि अपरिपक्व असल्याने त्या ओळखायला अनुभवी नजर लागते.

अहवाल येईपर्यंत बाळाला ताप आला, पोट अधिक फुगले आणि दुर्गंधीयुक्त पातळ शी जोराने होऊ लागली, तर त्याला साधे जुलाब समजू नये. हर्शस्प्रुंगमधील आतड्याचा दाह असाच सुरू होतो आणि तो जिवावर बेतू शकतो. अशा वेळी सलाईन, प्रतिजैविके आणि सलाईनने आतडे धुणे लगेच सुरू करावे लागते. निदान पक्के झाल्यावर चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली आणून जोडण्याची शस्त्रक्रिया केली जाते. तीत आतडे नेमके कुठे कापायचे, हे शस्त्रक्रियेदरम्यान घेतलेल्या तुकड्यांत गँग्लियन पेशी कोणत्या उंचीवर दिसू लागतात यावरून ठरते.