निर्जंतुकीकरण, विसंक्रमण आणि पूतिरोधन

जंतूंपासून बचाव करण्याच्या या तीन वेगवेगळ्या पातळ्या आहेत. निर्जंतुकीकरणात वस्तूवरचे सगळे सूक्ष्मजीव, जिवाणूंच्या बीजाणूंसह, म्हणजे प्रतिकूल स्थितीत टिकून राहणाऱ्या त्यांच्या कणखर सुप्त रूपांसह, नष्ट होतात. विसंक्रमणात निर्जीव वस्तूंवरचे बहुतेक रोगकारक जंतू मरतात, बीजाणू मात्र टिकू शकतात. पूतिरोधन जिवंत त्वचेवर किंवा श्लेष्मल पटलावर, म्हणजे तोंड-नाकाच्या आतल्यासारख्या ओलसर अस्तरावर, केले जाते. तेथे पेशींना इजा न करता जंतूंची संख्या घटवायची असते.

फरक कळतो तो बीजाणूंवरून. धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरू शकतात. त्यामुळे उपकरणे नुसती उकळली तर विसंक्रमण होते, निर्जंतुकीकरण नव्हे.

अपेंडिक्सच्या उघड्या शस्त्रक्रियेत या तिन्हींची गरज पडते. चिमटे व कात्र्या आधी घासून धुतात, कारण सुकलेल्या रक्ताखाली जंतू सुरक्षित राहतात. मग सांधे उघडे ठेवून, कापडात गुंडाळून त्या ऑटोक्लेव्ह या दाबाच्या वाफेच्या यंत्रात ठेवतात. वाफेच्या दाबाखाली १२१ अंश सेल्सियस तापमान किमान १५ मिनिटे लागते. गुंडाळलेल्या संचाला त्याहून जास्त वेळ द्यावा लागतो. ही वेळ आतले तापमान तेवढे झाल्यावरच मोजायची. डबा खच्चून भरला तर हवा अडकते, वाफ मध्यापर्यंत पोचत नाही आणि बाहेरून सगळे ठीक दिसते. संचावर बाहेरून लावलेल्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या पट्टीचा बदललेला रंग एवढेच सांगतो की संचाला उष्णता लागली. खरी परीक्षा बीजाणूंच्या कुपीने होते. ती संचासोबत ठेवून नंतर उबवतात. जिवाणू वाढले तर ते निर्जंतुकीकरण फसले. ओला निघालेला संचही वापरू नये, कारण ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. उष्णता न सोसणाऱ्या प्लॅस्टिकसाठी इथिलीन ऑक्साइड वायू वापरतात. तो विषारी असल्याने वस्तू नंतर पुरेशी हवेशीर ठेवावी लागते.

जमिनीवर रक्त सांडले तर ते आधी टिपून घेतात आणि मग हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त रसायनाचे १ टक्का द्रावण ओतून सुमारे १० मिनिटे ठेवतात. रक्त तसेच राहिले तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. हेच द्रावण पोलादी उपकरणांना गंजवते, म्हणून तेथे चालत नाही.

रुग्णाच्या पोटावर क्लोरहेक्सिडीन मिसळलेले स्पिरिट किंवा पोव्हिडोन आयोडीन लावतात. ते पूर्ण सुकू द्यावेच लागते. ओले स्पिरिट विद्युत शस्त्राच्या ठिणगीने पेटू शकते. स्पिरिटही साधारण ७० टक्केच हवे, कारण जंतूंची प्रथिने बिघडवण्यासाठी त्यात पाणी लागते. बीजाणू मात्र त्याने मरत नाहीत. त्वचा पूर्ण निर्जंतुक करता येतच नाही: केसांच्या मुळांशी जंतू राहतात आणि काही तासांत वर येतात. म्हणून हात कितीही नीट धुतले तरी शल्यचिकित्सकाला निर्जंतुक हातमोजे घालावेच लागतात.